बाल्कनीखालची सावली

नव्या गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात जी इमारत दिसते ती बहुतेक वेळा अजून उभी राहिलेलीच नसते. तिचा फोटो काढणं शक्य नसतं. आपल्यासमोर असतं ते कॉम्प्युटरवर रचलेल्या त्रिमिती मॉडेलवरून तयार केलेलं चित्र. या व्यवसायात त्याला रेंडर म्हणतात. काच, झाडं, गाड्या, फिरायला निघालेलं कुटुंब हे सगळं आता इतकं हुबेहूब जमतं की पाहणाऱ्याला तो फोटोच वाटावा. तरी पुष्कळ रेंडरमध्ये एका जागी नजर अडखळते आणि नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. भिंतीतून अधांतरी बाहेर आलेल्या बाल्कनीखालची ती जागा असते. बाल्कनी भिंतीला चिकटवल्यासारखी दिसते. तिला वजन आहे, ते कुणीतरी पेलतंय, असं वाटतच नाही.

अशा चित्रात एक तर सावली चुकलेली असते, नाही तर स्लॅबची जाडी. बऱ्याचदा दोन्ही चुकतात, कारण या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्या कशा गुंतल्या आहेत हे एका साध्या बाल्कनीवरून नीट कळतं.

समजा, पुण्यातली एक इमारत आहे. तिची एक सपाट भिंत बरोबर दक्षिणेकडे तोंड करून आहे. दुसऱ्या मजल्यावर चार मीटर लांबीची बाल्कनी भिंतीपासून दीड मीटर बाहेर आलेली आहे. खाली खांब नाही, आधाराला तिरपी कैची नाही. अशा एकाच बाजूने धरलेल्या रचनेला कॅन्टिलिव्हर म्हणतात. बाल्कनीच्या खाली, पहिल्या मजल्यावर, एका बेडरूमची खिडकी आहे. त्या बेडरूमच्या फरशीपासून मोजलं तर बाल्कनीच्या स्लॅबची खालची बाजू २.८५ मीटरवर येते, खिडकीची खालची कड ०.९० मीटरवर आणि वरची कड २.१० मीटरवर. सगळी मापं आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये नेहमी आढळणारीच घेतली आहेत.

आता २१ डिसेंबरची मध्यान्ह घेऊ. पुण्याचा अक्षांश साधारण साडेअठरा अंश आहे आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ साडेतेवीस अंशांवर असतो. या दोन्हींची बेरीज नव्वदातून वजा केली की सूर्याची क्षितिजापासूनची उंची मिळते: ४८ अंश. बाल्कनीच्या पुढच्या कडेला, तिच्या अगदी खालच्या रेषेला, घासून जाणारा सूर्यकिरण पुढे भिंतीवर जिथे टेकतो तिथे सावली संपते. शाळेतली त्रिकोणमिती इथे पुरते. भिंतीपासूनच्या अंतराला उंचीच्या कोनाच्या टॅनने गुणायचं.

```
1.5 × tan(48°) = 1.67
```

म्हणजे स्लॅबच्या खालच्या बाजूपासून १.६७ मीटरपर्यंत भिंत सावलीत. सावलीची कड बेडरूमच्या फरशीपासून १.१८ मीटरवर येते. खिडकीचा वरचा मोठा भाग सावलीत आणि तळाशी २८ सेंटिमीटरची उन्हाची पट्टी, असं चित्र दिसायला हवं.

हेच गणित २१ मार्चला केलं तर उत्तर फार वेगळं येतं. त्या मध्यान्ही पुण्यात सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर असतो आणि सावली जवळजवळ साडेचार मीटर खाली उतरते. बेडरूमची अख्खी भिंत सावलीत जाते आणि सावली खालच्या मजल्यावरही शिरते. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो, किरण भिंतीला समांतर खाली येतात आणि भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडेच राहतो. त्यामुळे चित्रात समोर गुलमोहर भर बहरात असेल, दक्षिणेच्या भिंतीवर मध्यान्हीचं लख्ख ऊन असेल आणि बाल्कनीखाली हातभर सावली असेल, तर ते दृश्य पुण्यात घडूच शकत नाही. पाहणाऱ्याला हे गणित माहीत नसतं, पण अशा भिंती तो जन्मभर बघत आलेला असतो. म्हणून त्याला खटकतं.

चूक का होते याला सरळ कारणं आहेत. आर्किटेक्चरच्या कॉलेजात सायोग्राफी नावाचा विषय असतो. त्यात सावली काढताना ऊन प्लॅनमध्येही आणि दर्शनी चित्रातही ४५ अंशांत येतं असं धरतात. या संकेतामुळे सावलीची खोली बाहेर आलेल्या भागाइतकीच येते: दीड मीटरच्या बाल्कनीखाली दीड मीटर सावली. हाताने काढलेल्या चित्रात हे अगदी योग्य आहे, कारण तिथे सावली पाहून कोणता भाग किती बाहेर आहे ते वाचायचं असतं. पण रेंडर हे एखाद्या विशिष्ट जागेचं, विशिष्ट वेळेचं चित्र असल्याचा दावा करतं, आणि तिथे हा संकेत चालत नाही. दुसरं कारण म्हणजे आकाशाचे तयार गोल फोटो. ते मॉडेलभोवती गुंडाळले की आकाश आणि प्रकाश दोन्ही एका झटक्यात मिळतात. मात्र फोटो लंडनच्या हिवाळ्यातला असेल तर तिथे २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो, आणि आपल्या बाल्कनीची सावली जेमतेम ४० सेंटिमीटर पडते. पुण्याच्या भिंतीवर विलायतेचं ऊन. त्यात पुन्हा कुणी फोटोतला सूर्य तसाच ठेवून वर वेगळा सूर्य लावला तर एकाच बाल्कनीच्या दोन सावल्या पडतात, एक गडद आणि एक फिकी.

सूर्य हाताने फिरवत, चित्र कुठे छान दिसतंय ते बघत बसण्यापेक्षा जागेची माहिती भरणं केव्हाही चांगलं. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी `Sun Position` नावाची सोय आहे. इतर सॉफ्टवेअरमध्येही तशी असते. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा दिली की सूर्य आपोआप जागेवर जातो. इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे वेळेचा पट्टा. भारतासाठी `UTC` समोर 5.5 लिहावं लागतं. ते शून्यच राहिलं तर दुपारचं चित्र संध्याकाळचं होऊन बसतं. दुसरी उत्तर दिशा. मॉडेलमध्ये इमारत पडद्याशी सरळ मांडलेली असते, प्लॉट मात्र रस्त्याच्या वळणाप्रमाणे वीस-तीस अंश कललेला असतो. साइट प्लॅनवरचा उत्तरेचा बाण बघून तेवढा कोन भरला नाही तर पुढचं सगळं अचूक गणित वाया जातं. आणखी एक: पुण्यात सूर्य सर्वात उंच येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर साडेबारा उलटल्यावर, कारण आपलं घड्याळ पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे.

मध्यान्हीची सावली सोपी असते, ती सरळ खाली पडते. पण मध्यान्हीचं ऊन कुणी रेंडरला घेत नाही. इमारत सपाट दिसते. पसंती असते ती उतरत्या दुपारीला. म्हणून त्याच २१ डिसेंबरला, घड्याळात दुपारी साडेतीनच्या सुमारास, काय होतं ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. सूर्य आता २९ अंशांवर उतरलाय आणि दक्षिणेकडून पश्चिमेला ४८ अंश सरकलाय. भिंतीसमोर उभं राहून पाहिलं तर ऊन आपल्या डाव्या खांद्यावरून येतं. सावली खाली १.२६ मीटर उतरते आणि त्याच वेळी उजवीकडे १.६७ मीटर सरकते. सरकणं उतरण्यापेक्षा जास्त आहे, हे लक्षात घ्या.

त्यामुळे सावलीचा आकार बाल्कनीखालच्या सरळ चौकोनासारखा राहत नाही. डाव्या बाजूला, स्लॅब भिंतीला जिथे मिळतो त्या कोपऱ्यातून एक तिरपी रेषा उजवीकडे खाली जाते. तिच्या डावीकडे, बाल्कनीच्या अगदी खाली असूनही, भिंतीचा एक त्रिकोण उन्हात असतो. उजवीकडे सावली बाल्कनीच्या टोकाच्या पुष्कळ पुढे जाते. जिथे डोक्यावर बाल्कनी नाहीच तिथल्या भिंतीवरही पडते. फोटोशॉपमध्ये नंतर ओढलेली सावली ओळखायची असेल तर हा उन्हातला त्रिकोण शोधावा. बाकी सगळ्या चित्रात ऊन डावीकडून येतंय, झाडांच्या सावल्या उजवीकडे पडल्या आहेत, आणि बाल्कनीखाली मात्र सावली सरळ खाली लोंबतेय, असं दिसलं तर ती हाताने भरलेली आहे.

याच सावलीच्या उजव्या टोकाला एक बारकावा आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे सावलीची कड स्लॅबच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी खाली येते, आणि तळाच्या आडव्या रेषेला मिळण्याआधी थोडी सरळ उभी उतरते. ही छोटी उभी रेघ म्हणजे स्लॅबच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याची सावली. उभ्या भिंतीवर उभ्या कडेची सावली पडली की तिची लांबी बदलत नाही, सूर्य कुठेही असो. म्हणून ती रेघ बरोबर स्लॅबच्या जाडीइतकी असते. स्लॅब २० सेंटिमीटर जाड असेल तर रेघ २० सेंटिमीटर. मॉडेल करणाऱ्याने बाल्कनी म्हणून कागदासारखा सपाट पत्रा ठेवला असेल तर रेघ उरतच नाही, सावली टोकदार होऊन संपते. पुढून बाल्कनीची कड रंगाने कितीही जाड भासवली तरी भिंतीवरची सावली खरी जाडी सांगून टाकते.

आता त्या सावलीच्या आत डोकावू. नवशिक्याच्या रेंडरमध्ये बाल्कनीची खालची बाजू काळीकुट्ट किंवा एकसारखी करडी असते. प्रत्यक्षात ती तशी कधीच नसते, आणि याचं कारण सोपं आहे. स्लॅबची खालची बाजू, आर्किटेक्ट मंडळी तिला सॉफिट म्हणतात, जमिनीकडे तोंड करून असते. तिला सूर्य दिसत नाही आणि आकाशही दिसत नाही. तिच्यावर जो काही उजेड येतो तो खालच्या उन्हातल्या जमिनीवरून आणि समोरच्या भिंतींवरून उसळून आलेला. त्यामुळे सॉफिटचा रंग खालची जमीन ठरवते. खाली फिकट सिमेंटचे ब्लॉक असतील तर सॉफिट चांगलं उजळतं; डांबर असेल तर मंद राहतं, कारण डांबर आपल्यावर पडलेल्या उजेडाचा ढोबळमानाने दहावा हिस्साच परत देतं. खाली हिरवळ असेल तर पांढऱ्या सॉफिटवर हिरवट झाक येते. कोकणात जांभ्याच्या अंगणावर उभ्या असलेल्या घरात ती झाक तांबूस असते.

सावलीतल्या भिंतीचं याउलट आहे. ती उभी असल्यामुळे तिला समोरचं आकाश दिसतं, आणि आकाशाचा उजेड निळसर असतो. स्लॅबला लागून असलेल्या भागाला आकाश जवळजवळ दिसतच नाही, स्लॅब आड येतो. जसजसं खाली यावं तसतसं जास्त आकाश उघडं होतं. म्हणून सावली वर गडद आणि खाली फिकी होत जाते, आणि सर्वात अंधारी जागा असते ती भिंत आणि सॉफिट यांच्या कोपऱ्यात. वर ऊबदार उजेडाचं सॉफिट, खाली थंड निळसर भिंत, मध्ये गडद कोपरा. हा चढउतार दिसला की बाल्कनी चटकन खरी वाटायला लागते. तो मिळवायला कसलीही कारागिरी लागत नाही, प्रकाशाला उसळायला परवानगी द्यावी लागते, एवढंच. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये `Light Paths` खाली `Diffuse` नावाचा आकडा असतो. मूळचा तो 4 असतो. चित्र लवकर निघावं म्हणून कुणी तो शून्यावर आणला की सॉफिट काळं पडतं. दुसरी अट अशी की इमारतीसमोर खरी जमीन मॉडेलमध्ये हवी, आणि पुरेशी लांबवर हवी. जमीन फक्त कॅमेऱ्याला दिसते तेवढीच ठेवली तर सॉफिटला उसळता उजेड मिळणार कुठून?

सावलीच्या कडेबद्दलही थोडं सांगायला हवं. सूर्य आकाशात बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून सावलीची कड, ज्या वस्तूची सावली आहे तिच्यापासून दूर गेली की पसरट होते. आपल्या साडेतीन वाजताच्या सावलीत तळाची आडवी कड साधारण तीन सेंटिमीटर पसरलेली असेल. डावीकडची तिरपी कड मात्र स्लॅबजवळ धारदार सुरू होते आणि खाली उतरताना हळूहळू मऊ पडते. रेंडरमध्ये सूर्याचा कोन शून्य ठेवला तर सगळ्या कडा सुरीने कापल्यासारख्या येतात; चार-पाच अंश ठेवला तर भर उन्हात ढगाळ दिवसासारखी मऊ सावली पडते. आणि भिंत व स्लॅब यांच्यामध्ये मॉडेलमध्ये केसाएवढी फट राहिली तर त्या फटीतून उन्हाची बारीक रेघ सावलीत उतरते आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. स्लॅब भिंतीला टेकवून न ठेवता भिंतीच्या पार आत नेणं हाच त्यावरचा उपाय. खऱ्या इमारतीतही स्लॅब तसाच आत गेलेला असतो.

तो किती आत गेलेला असतो, हा जाडीच्या प्रश्नाचा गाभा आहे. ओट्याच्या कडेवर पाट अर्धा बाहेर सरकवून ठेवला आणि बाहेरच्या टोकावर कुणी बसलं तर तो उलटतो. टिकवायचा तर आतल्या टोकावर वजन हवं. बाल्कनीचंही तसंच. तिला तोलून धरते ती आतल्या खोलीची स्लॅब. बाहेर झुकणारी बाल्कनी आपली वरची बाजू ताणते, म्हणून तिच्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला असतात आणि बाहेरच्या लांबीच्या दीडपट आत नेण्याची साइटवरची रीत आहे. दीड मीटरच्या बाल्कनीसाठी सव्वादोन मीटर. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली या वरच्या सळया दबून खाली गेल्या तर बाल्कनीची ताकद निघून जाते. बाल्कन्या कोसळण्याच्या कारणांत हे एक जुनं आणि अजूनही न संपलेलं कारण आहे.

जाडी किती हवी याला भारतीय मानकात आधार आहे. IS 456 मध्ये कॅन्टिलिव्हरसाठी लांबी आणि खोली यांचं मूळ गुणोत्तर ७ दिलेलं आहे. दोन्ही बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला तेच २० चालतं. म्हणजे तेवढ्याच लांबीसाठी कॅन्टिलिव्हरला जवळजवळ तिप्पट खोली. सळयांच्या प्रमाणानुसार या आकड्यात सूट मिळते, आणि प्रत्यक्षात दीड मीटरसाठी मुळाशी १५० मिलिमीटरच्या आसपास जाडी ठेवतात. त्यावर पाण्याला उतार देणारा थर, टाइल, खालून प्लास्टर. असं सगळं मिळून डोळ्यांना दिसणारी कड २०० मिलिमीटरच्या घरात जाते. माहितीपत्रकात तीच कड ७५ मिलिमीटरची, ताटाच्या काठासारखी बारीक दाखवलेली असते. सुबक दिसावी म्हणून तसं करतात, पण बाल्कनी पोकळ वाटते ती तिथेच. बारीक कड हवीच असेल तर प्रामाणिक मार्ग आहे: स्लॅब मुळाशी जाड आणि टोकाकडे निमुळता करायचा. मग सॉफिट किंचित चढं दिसतं आणि बाजूने पाहिलं की वजन कुठून पेललंय तेही कळतं. कडेच्या खाली, आतल्या अंगाला, पावसाचं पाणी सॉफिटवर ओघळू नये म्हणून बोटभर रुंदीची खाच असते. ती मॉडेलमध्ये घातली की कडेमागे एक बारीक गडद रेषा उमटते. जवळच्या दृश्यात त्या एका रेषेने फार फरक पडतो.

लांबी वाढली की हे सगळं फार झपाट्याने बदलतं. तेवढाच भार पसरलेला धरला तर बाल्कनी दुप्पट बाहेर काढल्यावर मुळाशी येणारा वाकवणारा जोर चौपट होतो, आणि जाडी तीच ठेवली तर टोक सोळापट खाली वाकतं. म्हणून तीन मीटरची बाल्कनी दीड मीटरच्याच जाडीत दाखवली की चित्र खोटं पडतं. तिथे खाली तुळया दिसायला हव्यात किंवा कठड्याच्या उंचीत लपवलेल्या असायला हव्यात.

लपवण्याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात आहे. फ्रँक लॉइड राइट यांनी कॉफमन कुटुंबासाठी धबधब्यावर बांधलेलं फॉलिंगवॉटर हे ते घर. १९३५ साली राइट यांनी त्याची रेखाटनं केली, पुढच्या दोन वर्षांत मुख्य घर उभं राहिलं. दिवाणखान्याची गच्ची आधारापासून सुमारे १५ फूट, म्हणजे साडेचार मीटरच्या वर, ओढ्यावर झेपावते. तिथे सॉफिट गुळगुळीत आहे, खाली एकही तुळई दिसत नाही. स्लॅब तळाला ठेवून तुळया तिच्या वर, फरशीच्या खाली दडवल्या आहेत आणि पुढे भरीव कठडा आहे. त्यामुळे खालून पाहताना स्लॅब आणि कठडा मिळून एक जाड, भक्कम पट्टा दिसतो, त्याखाली गडद सावली, आणि नजरेला तो पट्टा एवढं झेपावणं पेलेल असं वाटतं. आतली गोष्ट वेगळी होती. फर्मा काढताच गच्ची पावणेदोन इंच खाली बसली, नंतरच्या दशकांत सुमारे सात इंचांपर्यंत वाकली, आणि २००२ साली इंजिनियर रॉबर्ट सिलमन यांच्या कंपनीने फरशीखाली पोलादी केबल टाकून, त्या ताणून, तिला आधार दिला. सात इंच वाकलेली कड चित्रात सरळ रेषेत काढली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. रेंडर पाहून पटण्याजोगी खोली ओळखता येते, सळया मोजता येत नाहीत.

उतरत्या छपराचं गणित थोडं वेगळं आहे, कारण तिथे बाहेरची कड भिंतीजवळच्या भागापेक्षा खाली असते. तीस अंश उताराचं कौलारू छप्पर भिंतीबाहेर ९० सेंटिमीटर आलं तर कड अर्धा मीटर खाली उतरते आणि सावली तिथून मोजायला सुरुवात होते. म्हणून कोकणातल्या घराची वळचण तेवढ्याच लांबीच्या सपाट स्लॅबपेक्षा भिंत जास्त झाकते. तिथे खोली दाखवायची ती वाशांनी. वाशांची टोकं, त्यांवरच्या रिपा आणि वर कौलांची खालची बाजू दिसली, तर सावलीत उजेडाच्या पट्ट्या पडतात. रेंडरमध्ये या जागी बहुधा गुळगुळीत पांढरी फळी असते आणि छप्पर टोपीसारखं वर ठेवलेलं वाटतं.

पुन्हा आपल्या बाल्कनीकडे येऊ. रंग आणि लाकडाचे पोत चढवण्याआधी सगळं मॉडेल एकाच पांढरट रंगात काढून बघण्याची पद्धत आहे. त्याला क्ले रेंडर म्हणतात. बाल्कनी तपासायची ती याच टप्प्यावर, आणि शक्य असेल तर हे चित्र स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवावं. समजा, बाल्कनीच्या मागे खोली नसून बाथरूम आहे. बाथरूमची स्लॅब पाइपांसाठी खाली दाबलेली असते, म्हणून बाल्कनीच्या वरच्या सळयांना सरळ आत जायला जागा नाही. इंजिनियर सांगतो, नुसती स्लॅब जमणार नाही, दोन्ही बाजूंच्या कॉलममधून तुळया बाहेर काढू आणि टोकाला त्यांना जोडणारी आडवी तुळई घेऊ. ही तुळई स्लॅबच्या ३० सेंटिमीटर खाली उतरते.

रेंडरमध्ये ती घातली की कड लगेच भरदार दिसते, आणि सॉफिट आता तीन बाजूंनी घेरलेला एक उथळ कप्पा होतं, त्यामुळे आतला काळोख वाढतो. पण बदल तेवढाच नाही. किरण आता स्लॅबच्या खालच्या कडेऐवजी तुळईच्या खालच्या कडेला घासून जातो, म्हणून सावलीची रेषाही बरोबर ३० सेंटिमीटर खाली येते. साडेतीन वाजता ती बेडरूमच्या फरशीपासून १.५९ मीटरवर होती, आता १.२९ वर. मध्यान्ही ती १.१८ वर होती, आता ०.८८ वर, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेच्याही दोन सेंटिमीटर खाली. डिसेंबरच्या मध्यान्ही त्या खिडकीतून आत येणारी उन्हाची पट्टी संपली. आधीच्या चित्रात बेडरूमच्या फरशीवर ऊन पडलेलं दाखवलं असेल तर ते आता काढावं लागेल, आणि फ्लॅट घेणाऱ्याला त्या खोलीत हिवाळ्यात ऊन येतं का असं विचारल्यावर उत्तर देताना दुपारी साडेतीनची वेळ सांगावी लागेल.